लाल तार, पांढरी तार

पौडहून मालेकडं जाताना नदीला एक वळण लागतं. त्या वळणावर एक जुना उंबर आहे आणि उंबराखाली दत्ताच्या पादुका. बासष्ट साली त्या उंबराला लागूनच जंगलमालाचा नाका होता. नाका म्हणजे काय, तर रस्त्यावर एक आडवा बांबू, बाजूला पत्र्याची खोली, खोलीपुढं पडवी आणि पडवीत एक टेबल. त्या टेबलाशी कोंडाजी नऊ वर्षं बसला.

कोंडाजी जवळच्याच चांदे गावचा. सातवी पास झाला तेव्हा गावात तेवढा शिकलेला दुसरा नव्हता. हिशेब त्याचा असा की बाजारात वाणी कागद शोधेपर्यंत ह्याचं तोंडी उत्तर तयार. नोकरी मात्र हंगामी, दर वर्षी नवा हुकूम यायचा. बायको गोजराबाई नाक्याच्या मागच्याच खोलीत संसार मांडून होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी पादुकांवर पाणी आणि दोन फुलं घातल्याशिवाय कोंडाजी बांबू उचलत नसे. लबाडी म्हणून त्याने आयुष्यात केली नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते लबाडीने झालं नाही.

नाक्यावरून दोन तऱ्हेचा माल जायचा. एक तातडीचा, दुसरा साधा. दुधाच्या घागरी, आंबे, करवंदं, जांभळं हा नासणारा माल तातडीचा. कोळसा, सरपण, बांबू, गवत, हिरडा हा साधा. गाडी आली की कोंडाजी चिठ्ठी फाडायचा, तातडीला लाल आणि साध्याला पांढरी. चिठ्ठीवर मालाच्या परवान्याचा, म्हणजे पासाचा नंबर आणि आल्याची वेळ. पडवीच्या खांबाला दोन तारा बांधलेल्या होत्या, एकीत लाल चिठ्ठ्या ओवायच्या, दुसरीत पांढऱ्या. टेबलावरची गाडी सुटली की आधी लाल तारेकडं बघायचं. तिथं चिठ्ठी असली तर सगळ्यांत आधी ओवलेली काढायची. लाल तार मोकळी असली तरच पांढरीला हात लावायचा. एकदा गाडी तपासायला घेतली की ती पुरी करायची, मध्येच लाल आली तरी अर्धी सोडायची नाही. आणि एका तारेतली चिठ्ठी वरखाली करायची नाही, मग गाडी पाटलाची असो की कातकऱ्याची. नऊ वर्षांत कोंडाजीनं एक चिठ्ठी हलवली नव्हती. ह्याचा त्याला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

संध्याकाळी सहाला बांबू खाली पडायचा. तोवर न तपासलेल्या गाड्यांच्या चिठ्ठ्या तो ज्याच्या त्याला परत द्यायचा. तारा मोकळ्या करून, झाडून, दिवा लावायचा. सकाळी सातला नव्या चिठ्ठ्या फाडायच्या. त्याच्या आधीचा नाकेदारही असंच करायचा, म्हणून हाही करत आला. दिवस तितका हिशेब, शिळं काही तारेवर ठेवू नये, अशी त्यामागं थोडी देवघरातली भावनाही होती.

वहीत दर गाडीची एक ओळ. पास नंबर, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात टेबलाशी येईपर्यंत थांबलेली मिनिटं. जी गाडी त्या दिवशी सुटली नाही तिचे शेवटचे दोन रकाने कोरे.

बासष्टच्या फाल्गुनात खाली नदीवर पुलाचं काम निघालं. मक्ता हैबतरावांनी घेतला होता. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. पुलाला लाकूड लागणार, ते डोंगरातून ट्रकांनी येणार. पूल पावसाआधी उभा राहिला पाहिजे म्हणून वरून हुकूम आला की पुलाचं लाकूड तातडीत धरावं. लाकूड काही नासत नाही, पण हुकूम तो हुकूम. कोंडाजीनं ट्रकांना लाल चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली.

एका ट्रकला वीस मिनिटं लागायची, कारण प्रत्येक ओंडक्यावर जंगलखात्यानं हातोड्यानं उठवलेला शिक्का बघून पासाशी ताडायचा. कोळशाच्या गाडीला त्याच्या दुप्पट. पोतं न् पोतं मोजायचं, आत सागाची फळी दडवलीय का म्हणून सळई खुपसून बघायचं. ट्रक यायचे पाठोपाठ. एक सुटतोय तोवर दुसऱ्याचा भोंगा. पांढरी तार भरत जायची आणि उंबरापासून ओढ्यापर्यंत गाड्यांची रांग लागायची.

गाडीवाले बोलून घ्यायचे. एकानं तर बैलाची शेपटी धरून टेबलाशी आणली आणि म्हणाला, "नाकेदार, हिला बांधा एक लाल चिठ्ठी. ह्यो बी नासाय लागलाय." सगळे हसले. कोंडाजीही हसला, पण त्याला ते लागलं. चैत्रात त्याने रेंजरसाहेबांना अर्ज केला, एकट्यानं होत नाही, तपासणीला दुसरा माणूस आणि दुसरं टेबल द्यावं. रेंजरसाहेबांनी सरळ उत्तर पाठवलं. एप्रिल महिन्याचा तक्ता करा, तातडीची गाडी सरासरी किती मिनिटं थांबली आणि साधी किती, वेगवेगळं काढा. साध्याची सरासरी दोन तासांवर गेली तर दुसरा माणूस मंजूर करून घेतो.

कोंडाजी दोन दिवस वही घेऊन बसला. लाल ओळी चारशेवीस, एकूण थांबणं चार हजार सहाशेवीस मिनिटं. भागाकार अकरा. पांढऱ्या सुटलेल्या गाड्या दोनशेदहा, एकूण चौदा हजार दोनशेऐंशी. भागाकार अडुसष्ट. त्याने पुन्हा बेरीज केली, तेच आलं. अडुसष्ट मिनिटं, म्हणजे तास आणि वर आठ मिनिटं.

त्याचा स्वतःचा विश्वास बसेना. पण आपल्या डोळ्यांना ऊन लागलंय, आकड्याला लागत नाही, असं म्हणून त्याने सही केली. गोजराबाईनं विचारलं, एवढी रांग असून एकच तास कसा. तो म्हणाला, "हिशेब हाय. हिशेबाला रडगाणं कळत न्हाई."

आठ दिवसांत उत्तर आलं. सरासरी दोन तासांच्या पुष्कळ आत आहे, दुसऱ्या माणसाची गरज दिसत नाही.

मे महिन्यात ट्रकांच्या रोजच्या खेपा पंचवीसवर गेल्या. पंचवीस खेपा वीस मिनिटांप्रमाणं पाचशे मिनिटं. सात ते सहा नाक्याचा दिवस सहाशेसाठ मिनिटांचा. उरली एकशेसाठ, त्यात चाळीस मिनिटांच्या चार गाड्या बसतात, आणि येत होत्या रोज दहा. हे गणित चौथीतल्या पोरालाही सुटलं असतं. कोंडाजीनं ते तेव्हा मांडलंच नाही. त्याला तक्ता विचारला होता, तक्ता त्यानं दिला होता.

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी एकला धाकलू कातकरी कोळशाची गाडी घेऊन आला. गाडी, बैल, कोळसा सगळं व्यापाऱ्याचं. धाकलू आणि त्याची बायको सखू यांची फक्त मेहनत, भट्टी लावण्याची आणि माल पोचवण्याची. व्यापाऱ्यानं घाई केली म्हणून भट्टी एक दिवस आधी उकरली होती. उकरलेला कोळसा उघड्यावर पसरून पुरता निवावा लागतो, नाहीतर पोत्याच्या पोटात धग राहते. पौडला पोचून संध्याकाळी माल पसरू, असा धाकलूचा अंदाज होता. कोंडाजीनं पांढरी चिठ्ठी फाडली, एक वाजता. सहाला ती परत केली.

मंगळवारी सातला धाकलूला पुन्हा पांढरी चिठ्ठी मिळाली, पण पुढची नाही. ज्यांचं बिऱ्हाड बांबूला चिकटून होतं ते पहाटेच पडवीत जमले. धाकलू आणि सखूला त्यांच्यात कोण बसू देतं, ती दोघं ओढ्यापलीकडं बैलांशी. येईपर्यंत सहा चिठ्ठ्या आधी ओवल्या गेल्या होत्या. त्या दिवशी चार पांढऱ्या सुटल्या.

मंगळवारी संध्याकाळी चिठ्ठी परत घेताना धाकलू पायरीच्या खालीच उभा राहिला. पोत्याला हात लावला तर ऊन लागतंय, म्हणाला. पोती उतरवून पसरू का, असं विचारलं. कोंडाजीनं नाही म्हटलं, कारण तपासणीआधी पासातली पोती उघडली तर माल जप्त होतो, धाकलूच त्यात सापडला असता.

"मंग सकाळी आमाला आदी घ्या, दादा," धाकलू म्हणाला. "कोळसा थांबत न्हाई."

"तुझी चिठ्ठी पांढरी हाय, धाकलू. म्या कुनाचीच हालवत न्हाई."

ते खरंच होतं. धाकलूनं मान हलवली आणि तो ओढ्याकडं गेला.

बुधवारी तिसरी चिठ्ठी, वेळ सात. ह्या खेपेला बरीच पुढं होती. दुपारी तीनच्या सुमाराला पांढऱ्या तारेवर तिच्या आधी एकच चिठ्ठी उरली होती, आणि टेबलाशी पुलाचा ट्रक होता. कोंडाजी ओंडके मोजत होता. वैशाखातलं वारं सुटलं होतं, धूळ उडत होती. धाकलू बैल घेऊन पाण्यावर गेला होता. सखू गाडीखाली सावलीला डोळा लागून पडली होती.

पोत्यांची तोंडं पेंढ्यानं आणि पाल्यानं बंद केलेली असतात. आधी धूर दिसला तो इतका थोडा की लोकांना वाटलं कुणी चूल पेटवली. मग मधलं पोतं खालून फाटलं आणि लाल निखारा गाडीच्या फटींतून खाली सांडला. सखू खाली होती.

ती बाहेर आली ती लुगडं पेटलेलं घेऊनच, आणि पळायचं सोडून पोती ओढायला लागली. माल दुसऱ्याचा, जळाला तर भरून कुठून देणार, हेच तिच्या डोक्यात असणार. लोकांनी घोंगडी टाकून तिला खाली पाडलं. गोजराबाईनं घरातलं धुतलेलं लुगडं आणून तिच्या अंगावर पांघरलं. धाकलू ओढ्यावरून धावत आला. तो तिच्या पायाशी बसला.

कोंडाजीनं ट्रकची मोजणी अर्धी टाकली. ड्रायव्हरला म्हणाला, पुण्याला दवाखान्यात ने. सखूला ओंडक्यांवर घोंगडी अंथरून ठेवलं, धाकलू शेजारी बसला, आणि कोंडाजीनं स्वतः बांबू उचलला. पास ताडला नाही, शिक्का मारला नाही. साध्या रांगेतलं कुणी त्या उन्हाळ्यात एवढं लगेच सुटलं नव्हतं.

सखू शुक्रवारी गेली.

त्यानंतर पाचव्या दिवशी धाकलू पायी नाक्यावर आला. व्यापारी म्हणत होता, तुम्ही वाटेत दारू पीत बसलात म्हणून कोळसा पेटला. धाकलूला एवढंच हवं होतं की आपण कधीपासून नाक्यावर होतो ते नाकेदारानं वहीतून काढून सांगावं.

"कवा आलो लिव्हलंय?" त्यानं विचारलं.

कोंडाजीनं वही उघडली. बुधवार, सात. सुटल्याची वेळ कोरी. तो म्हणाला, बुधवारी सकाळी सातला.

धाकलूनं त्याच्याकडं बघितलं. "आमी सोमवारपास्नं हुतो. तुमीच चिठ्ठी दिली."

कोंडाजीनं पानं उलटली. मंगळवार, सात, तोच पास नंबर, कोरं. सोमवार, एक, तोच नंबर, कोरं. एकच गाडी तीनदा आली होती आणि एकदाही थांबली नव्हती. तीन ओळी, तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात काही नाही, म्हणजे सरासरीत तिन्ही नाहीत. सोमवारी एकपासून बुधवारी तीनपर्यंत पन्नास तास. ते वहीत कुठंच नव्हते.

मग त्याची नजर आणखी एका ओळीवर गेली. मंगळवारी सकाळी सातला आलेली, सात वीसला टेबलाशी घेतलेली सरपणाची गाडी. थांबली वीस मिनिटं. तिचा नंबर सोमवारच्या कोऱ्या ओळीतही होता. रात्रभर बांबूशी पडलेली गाडी सकाळी नवी कोरी होऊन वीस मिनिटांत टेबलाशी आली होती, आणि तिनं सरासरी खाली ओढली होती. जितकी रांग वाईट तितक्या अशा गाड्या जास्त. वही बघणाऱ्याला वाटावं, नाका छान चाललाय.

त्यानं धाकलूला कागदावर लिहून दिलं, गाडी सोमवारी दुपारी एकपासून नाक्यावर उभी होती, आणि खाली सही. धाकलूनं कागद दुमडून मुंडाशात खोचला. जाताना एवढंच म्हणाला, "तवाच लिव्हलं असतं तर बरं हुतं."

त्या दिवसापासून नाका बंद झाल्यावर कोंडाजी एप्रिलची वही घेऊन बसायचा. कोऱ्या ओळी मोजल्या, चौऱ्याऐंशी निघाल्या. पास नंबर ताडून एकेक ओळ तिच्या खऱ्या गाडीला जोडली. एप्रिलमध्ये प्रत्येक गाडी केव्हातरी सुटली होती, म्हणजे गाड्या दोनशेदहाच, पण थांबणं वेगळं. पहिल्यांदा आली तेव्हापासून शेवटी टेबलाशी घेतली तोपर्यंत धरलं. कोऱ्या ओळींचीच पंच्याण्णव हजार सातशेसाठ मिनिटं निघाली. आधीची चौदा हजार दोनशेऐंशी मिळवून एक लाख दहा हजार चाळीस. भागिले दोनशेदहा. पाचशेचोवीस मिनिटं, म्हणजे आठ तास चव्वेचाळीस मिनिटं.

गोजराबाई दारात उभी होती. पहिल्या तक्त्यावर सही कुणाची होती, हे तिला विचारावं लागलं नाही. नवा हुकूम जूनमध्ये यायचा होता. हा कागद गेला तर तो येणार नाही, हेही दोघांना कळत होतं. ती म्हणाली, आपल्या चूकभुलीचं देव बघून घेईल, आपण गप्प राहिलो तरी तो बघतोच आहे. ह्याचा अर्थ पाठव असा, की पाठवू नको असा, ते तिनं सांगितलं नाही. कोंडाजीनं सकाळी पादुकांवर पाणी घातलं आणि कागद टपालात टाकला.

रेंजरसाहेब स्वतः आले. तक्ता टेबलावर ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, रात्री नाका बंद असतो, तो वेळ थांबण्यात कसा धरला. कोंडाजीकडं त्याचंही उत्तर होतं. रात्री वजा केल्या, प्रत्येक कोऱ्या ओळीमागं तेरा तास, तरी दोनशेबारा मिनिटं राहतात. साडेतीन तासांवर दोन मिनिटं. तुमची अट दोन तासांची होती.

साहेबांनी आकडे पुन्हा ताडून बघितले. त्यांना हिशेब येत होता, चूक सापडली नाही.

"कोंडाजी, दोन्ही तक्त्यांवर सही तुमची. वर पाठवायचे तर मला एक खोटा म्हणावा लागेल."

"पहिला म्हना, साहेब."

"आणि तो ट्रक? न मोजता सोडलात, त्याचाही कागद आलाय माझ्याकडं. दुसरा तक्ता मी फाडला तर ट्रकचं मी निभावून नेईन."

कोंडाजीनं दोन्ही तारांकडं बघितलं. म्हणाला, "ट्रकचं बी खरं हाय. ते बी लिव्हा."

साहेबांनी लिहिलं. माणूस तसा सरळ होता, तक्ताही वर पाठवला. जूनमध्ये दुसरं टेबल मंजूर होऊन आलं आणि दोन टेबलांना दोन नवे नाकेदार आले. कोंडाजीचा हुकूम आला नाही. न तपासता माल सोडला, हे कारण.

काम सोपवायला तो अर्धा दिवस थांबला. नव्यांपैकी वाल्मीक नावाचा चुणचुणीत माणूस होता. कोंडाजीनं त्याला लाल तार दाखवली, पांढरी तार दाखवली. संध्याकाळी चिठ्ठ्या परत द्यायच्या नाहीत, तारेवरच राहू द्यायच्या, सकाळी तिथूनच पुढं घ्यायच्या आणि वेळ पहिलीच धरायची, हे दोनदा सांगितलं. पूल पुरा झाला होता, ट्रक बंद झाले होते. पांढऱ्या तारेवर त्या दिवशी दोनच चिठ्ठ्या होत्या.

वाल्मीक मे महिन्याच्या तक्त्याला बसला. भराभर नंबर जोडत गेला आणि एका ठिकाणी अडला. ही तीनदा आलीय, सुटल्याचं कुठंच दिसत नाही, म्हणाला. काढून टाकू का?

कोंडाजी बोचकं बांधत होता. गोजराबाई पादुकांशी शेवटचं फूल वाहून रस्त्यावर उभी होती.

"सुटली न्हाई म्हून लिव्ह," तो म्हणाला. "पर मोज. पन्नास तास."

वाल्मीकनं आकडा घातला. कोंडाजीनं बांबूखालून वाकून रस्ता धरला, आणि दोघं पायीच चांद्याकडं निघाली.